नळीवरची तारीख दिसत नाही, आणि दिसते तेव्हा चुकीची वाचली जाते: गॅसचा रेग्युलेटर आणि नळी फोटोवरून तपासताना

गॅसच्या नळीचा फोटो पाठवून "ही चालेल का बघा" असं विचारणारे नातेवाईक आणि शेजारी मला कायम भेटतात. माझं अर्धं आयुष्य प्लॅस्टिक आणि डायकास्टिंगच्या साच्यांमध्ये गेलं, त्यामुळे असले फोटो माझ्याकडे वळवले जातात. अडचण दर वेळी तीच असते. नळीवर तारीख आहे पण फोटोत वाचता येत नाही, किंवा वाचता येते पण ती भलत्याच गोष्टीची असते. रेग्युलेटरचं तर विचारूच नका. त्याच्या अंगावर दोन-तीन ठिकाणी आकडे असतात आणि लोक नेमका चुकीचा आकडा उचलतात.

आधी एक गोष्ट. वास येत असेल तर फोटो काढत बसू नका. रेग्युलेटरचं बटण बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, घराबाहेर या आणि तिथून १९०६ ला फोन लावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, त्यामुळे उभं राहून वास कमी वाटला तरी भरवसा ठेवू नका. पुढचं सगळं वास नसलेल्या, शेगडी बंद असलेल्या स्वयंपाकघरासाठी आहे.

फोटो कसा काढायचा

निम्मे प्रश्न फोटोतच मिटतात. रेग्युलेटरवरची अक्षरं बहुतेक उठावाची असतात, म्हणजे रंग तोच आणि फक्त उंची वेगळी. समोरून फ्लॅश मारला की सगळा भाग एकसारखा उजळतो आणि अक्षरं गायब होतात. फ्लॅश बंद करा आणि दुसऱ्या फोनची टॉर्च बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. उठावाच्या अक्षरांची सावली पडते आणि डोळ्यांना न दिसणारा आकडाही फोटोत उमटतो. तेलकट थर आधी साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून घ्या. ओट्याजवळच्या रेग्युलेटरवर फोडणीच्या वाफेचा चिकट थर असतोच, आणि त्यात ३ चा ८ व्हायला वेळ लागत नाही. तरीही अक्षरं दिसली नाहीत तर चिमूटभर तांदळाची पिठी बोटाने चोळा आणि वरवरची पुसून टाका. खोलगट भागात पिठी राहते. मात्र सिलिंडरवर बसणाऱ्या बाजूला, आतल्या भोकात, पिठीचा कणही जाऊ देऊ नका.

नळीचे तीन फोटो लागतात: दोन्ही टोकांसकट पूर्ण लांबीचा एक, छापलेल्या मजकुराचा जवळून एक, आणि शेगडीकडच्या टोकाचा एक. फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवले की ते दाबले जातात आणि बारीक आकडे विरघळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि "पुढे ढकललेला" फोटो तर पाठवूच नका.

नळी: मजकूर पुन्हा पुन्हा छापलेला असतो, याचा फायदा घ्या

घरगुती वापराच्या रबरी नळीचं भारतीय मानक आयएस ९५७३ आहे. गॅस एजन्सीकडून मिळणारी नारिंगी "सुरक्षा" नळी याच मानकातली. आतल्या नळीवर पोलादी तारेची जाळी, त्यावर रबराचं आवरण. साधारण १.२ किंवा १.५ मीटर लांबीची मिळते आणि तिची मुदत ५ वर्षं धरतात. पूर्वीच्या बिनतारेच्या नळ्या दोन वर्षांत बदला म्हणून सांगत. काही घरांत अजून तो नियम नारिंगी नळीला लावतात, तर काही घरांत ५ वर्षांचा नियम बाजारातल्या कुठल्याही नळीला. दुसरी चूक महागात पडणारी.

मिरजेच्या एका मावशींनी मुलाकरवी पाठवलेले फोटो इथे उपयोगी पडतील. नळी नारिंगी, चकचकीत, कुठेही चीर नाही. मजकुरात मानकाचा क्रमांक स्पष्ट, आयएसआयचं चिन्ह स्पष्ट, आणि पुढे "०५" व "२२". तारखेच्या आधीचे शब्द मात्र नळीच्या वळणामागे गेलेले. मुलाने हिशेब केला: मे २०२२ ला तयार झाली, ५ वर्षं धरली तर मे २०२७ पर्यंत निर्धास्त. मावशींचं म्हणणं वेगळं होतं. "दादा, नळी मी मागच्या दिवाळीलाच दुकानातून आणली, म्हणजे नवीनच आहे."

एका फोटोवरून दोघांपैकी कोणालाच बरोबर म्हणता येत नव्हतं. नळीवर तारीख दोन अर्थांनी येऊ शकते. एक बनवल्याची, दुसरी वापर थांबवण्याची. काही नळ्यांवर दोन्ही असतात, काहींवर एकच. महिना-वर्ष दिसलं आणि आधीचा शब्द दिसला नाही, तर तो आकडा अजून तारीख झालेला नाही. तशा वेळी त्याच जागेचा फोटो पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो. रबर साच्याच्या तोंडातून सलग ओढून नळी बनते आणि मजकूर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटवला जातो. दीड मीटरच्या तुकड्यावर तो सहसा एकापेक्षा जास्त वेळा येतो. म्हणून मुलाला सांगितलं, शेगडी आणि रेग्युलेटर दोन्ही बंद कर आणि नळीवर हात फिरवत पुढची छपाई शोध. ती सापडली सिलिंडरच्या बाजूला, खालच्या वळणावर. तिथे "०५ २२" च्या आधी स्पष्ट शब्द होते की ही वापराची शेवटची तारीख आहे. म्हणजे ५ वर्षं मागे, २०१७ च्या सुमाराचा माल. मावशींच्या हाती दिवाळीला पडली ती नळी दुकानातच मुदत संपून पडलेली होती.

ती नळी फोटोत नवी दिसत होती कारण ती वापरलीच गेली नव्हती. रबर वापराने झिजतं तसं नुसतं पडून राहूनही म्हातारं होतं. हवेतला ओझोन आणि उष्णता आपलं काम करत राहतात, फक्त ताण नसेल तर चिरा उमटत नाहीत. म्हणून चकाकी हा पुरावा नाही. नळी सरळ पडलेली असताना काढलेला फोटोही पुरावा नाही. शेगडीच्या तोटीपासून वीतभर अंतरावरचा भाग हलकेच वाकवून, वळणाच्या बाहेरच्या बाजूचा फोटो घ्या. तिथे रबर ताणलं जातं, आणि ओझोनच्या चिरा ताणाच्या दिशेला आडव्या, म्हणजे नळीला आडव्या, केसासारख्या दिसतात. एक-दोन दिसल्या तरी नळी गेली. लांबीच्या दिशेने एकच उभी रेघ असेल तर ती बहुधा बनवतानाची, साच्याच्या तोंडातल्या कचऱ्याने पडलेली. तीही चांगली नव्हे, पण तिचा अर्थ वेगळा.

टोकाचा फोटो यासाठी की नळीचं खरं-खोटं तिथे उघडं पडतं. बाजारात नारिंगी रंगाच्या साध्या नळ्या मिळतात. वरून रंग तोच, आत जाळी नाही. नळी तोटीवरून काढलेली असताना (आधी रेग्युलेटर सिलिंडरवरून उतरवून आणि झाकण लावून) कापलेलं टोक समोरून टिपा. अस्सल नळीत दोन रबरी कड्यांच्या मध्ये तारांची बारीक चमकदार टोकं गोलाकार दिसतात. कडीची जाडीही बघा. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ अशी नळी म्हणजे ओढताना आतली पिन मध्यावर नव्हती. पातळ बाजू तोटीवर चढवताना आधी फाटते. फोटोत हे मोजायला पट्टी लागत नाही, भोक मध्यावरून सरकलेलं डोळ्यांनाच कळतं. आणि टोकावर क्लिप आवळलेली असेल तर तिच्याखालची खाच नक्की बघा. घरच्या घरी पेचकसाने कचकचून आवळलेली क्लिप नळी हळूहळू कापत असते.

रेग्युलेटर: बटणावरचं घड्याळ हे रेग्युलेटरचं वय नाही

याच मुलाने रेग्युलेटरचा फोटो पाठवून लिहिलं होतं, "हा मात्र नवा आहे, नोव्हेंबर २०२४." त्याने वाचलं होतं ते काळ्या बटणाच्या खालच्या बाजूचं छोटं गोल चिन्ह: कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण, आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना "२" आणि "४". वाचन बरोबर होतं, बाण ११ कडेच होता. फक्त ते घड्याळ रेग्युलेटरचं नाही.

प्लॅस्टिकच्या साच्यात आम्ही एक छोटी फिरती पिन बसवतो, तिला डेट इन्सर्ट म्हणतात. महिना बदलला की मशीनवाला पेचकसाने बाण पुढे सरकवतो, वर्ष बदललं की पिनच बदलतो. तिच्यावरून फक्त तो प्लॅस्टिकचा भाग कधी ओतला हे कळतं. बटणं एका कारखान्यात ओतून महिनोन्‌महिने पोत्यात पडून राहू शकतात आणि जोडणी दुसरीकडे, नंतर होते. शिवाय मशीनवाला बाण सरकवायला विसरतो, हे त्या धंद्यात नवं नाही. म्हणून बटणावरची तारीख रेग्युलेटरच्या तारखेपेक्षा जुनी असेल तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

उलटं असेल तर मात्र सरळ बसा. रेग्युलेटरची खरी तारीख त्याच्या अंगावर, म्हणजे धातूच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या मुख्य भागावर असते. बनवणाऱ्याचं नाव, मानक आयएस ९७९८, आयएसआयचं चिन्ह आणि महिना-वर्ष. घरगुती रेग्युलेटर ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर एवढा बेताचा दाब बाहेर सोडतो, तो आकडाही बहुधा तिथेच असतो. सिलिंडरमधला दाब याच्या शंभर पटीहून जास्त, त्यामुळे मधला हा डबा काय करतो ते कळावं. मावशींच्या रेग्युलेटरच्या अंगावरची तारीख बाजूच्या उजेडात पुन्हा फोटो मागवल्यावर दिसली. ती २०१६ ची होती. २०१६ साली जोडलेल्या रेग्युलेटरवर २०२४ साली ओतलेलं बटण कारखान्यातून येऊच शकत नाही. कोणीतरी मधल्या काळात बटण बदललं होतं.

मग त्या दृष्टीने फोटो पाहिला तर बाकीचं जुळत गेलं. अंग भुरकट पडलेलं, पण बटण गडद काळं आणि तुकतुकीत. मधल्या स्क्रूच्या खाचेची कड उडालेली, टॉर्चच्या उजेडात तिथे पितळी चकाकी. बटणाच्या कडेला नखाएवढ्या रुंदीचा पातळ पापुद्रा बाहेर आलेला. साच्याचे दोन भाग नीट बंद झाले नाहीत की मधल्या फटीतून माल बाहेर येतो, त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. चांगला कारखाना तो खरवडून काढतो किंवा तो भाग फेकून देतो. मावशींना विचारल्यावर कळलं की बटण घट्ट झालं म्हणून शेगडी दुरुस्त करणाऱ्याने "बसवून दिलं" होतं. रेग्युलेटर घरी किंवा शेगडीवाल्याकडे उघडायची वस्तू नाही. आतला रबरी पडदा आणि स्प्रिंग कारखान्यात दाब लावून बसवलेले असतात, आणि उघडून पुन्हा बंद केलेल्या डब्याचा दाब कोणी तपासत नाही.

ओतकामाच्या खुणांबद्दल थोडं, कारण यात लोक उगीच घाबरतात किंवा उगीच निर्धास्त होतात. अंगावर एक सरळ बारीक रेघ सगळ्या भोवती फिरलेली दिसेल. ती साच्याचे दोन भाग जुळतात तिथली, ती असायचीच. जाड भागावर हलका खळगा असेल तर तो थंड होताना आत ओढला गेलेला भाग, तो दिसायला वाईट एवढंच. काळजीच्या जागा दोन. पहिली, जिथे नळी चढते ती खाचांची तोटी. तिच्यावर साच्याची रेघ उंच असेल तर नळी आणि तोटीच्या मध्ये लांबीभर फट राहते, आणि कितीही दाबून बसवली तरी गॅस तिथून वाट काढतो. दुसरी, धातूच्या अंगावरची सुईच्या टोकाएवढी भोकं, विशेषतः एका जागी गोळा झालेली. डायकास्टिंगमध्ये हवा अडकली की ती होतात. वरचा रंग त्यांना झाकतो, म्हणून रंग उडालेल्या जागेचा फोटो उपयोगी. पण झाकणावर एकच नीट गोल, कडा स्वच्छ असलेलं बारीक भोक दिसलं तर ते ओतकामाचं वैगुण्य नव्हे. पडद्यावरच्या बाजूला हवा आत-बाहेर करायला ते मुद्दाम ठेवलेलं असतं. ते एम-सीलने बुजवलेले रेग्युलेटर मी फोटोत पाहिलेत. कृपा करून बुजवू नका.

अक्षरांकडेही बघा. साच्यातून आलेली उठावाची अक्षरं एकाच उंचीची आणि एकाच धारेची असतात. मानकाचं चिन्ह साच्यात नसून नंतर चिकटवलेल्या स्टिकरवर असेल, किंवा आजूबाजूची अक्षरं ठसठशीत आणि फक्त चिन्ह बोथट असेल, तर शंका घ्या. बोथट चिन्ह म्हणजे बहुतेक वेळा अस्सल भागावरून साचा काढलेला असतो.

एक वेगळाच गोंधळही होतो. काही जण सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळच्या पट्टीवरचं "बी-२७" सारखं अक्षर रेग्युलेटरची मुदत म्हणून पाठवतात. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची तिमाही आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. तिचा नळीशी आणि रेग्युलेटरशी संबंध नाही.

नंबर खरा, माल दुसरा

आयएसआयचं नुसतं चिन्ह पुरेसं नाही. त्याच्यावर मानकाचा क्रमांक आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक, असे तिन्ही हवेत. नुसतं चिन्ह असलेली नळी बाजूला ठेवा, पुढे तपासायचीही गरज नाही. क्रमांक असेल तर फोनमधल्या BIS Care अॅपमध्ये परवाना तपासण्याची सोय आहे. क्रमांक टाकला की बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, मानक आणि परवाना चालू आहे का ते दिसतं.

लोक इथे घाई करतात. क्रमांक सापडला, हिरवं काहीतरी दिसलं, की झालं समाधान. तीन गोष्टी एकमेकींशी जुळवा: अॅपमधलं नाव नळीवरच्या नावाशी, अॅपमधलं मानक ९५७३ शी (रेग्युलेटरसाठी ९७९८ शी), आणि परवान्याची स्थिती. नकली माल करणारा क्रमांक मनाने रचत नाही, कुठल्यातरी खऱ्या वस्तूवरून उचलतो. त्यामुळे क्रमांक चालू निघतो, पण तो निघतो शेगडीचा किंवा भलत्याच कारखान्याचा. एखादा आकडा अस्पष्ट असेल तर अंदाजाने टाकू नका. नळीवर पुढची छपाई शोधा आणि दोन्ही ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून वाचा. एकीकडे ३ चा अर्धा भाग गेलेला असतो, दुसरीकडे नसतो. जुनी नळी असेल आणि परवाना आता बंद दिसत असेल, तर त्याचा अर्थ ती बनली तेव्हाही बंद होता असा होत नाही. तिथे तारखेकडे परत या.

फोटो कुठे थांबतो

फोटोवरून वस्तू बाद करता येते, पास करता येत नाही. पडद्याला भोक आहे का, बटण बंद केल्यावर गॅस पूर्ण थांबतो का, हे कुठल्याच फोटोत येत नाही. सगळं स्वच्छ दिसलं तरी साबणाचं पाणी लावून बघाच: गॅस चालू, शेगडीची बटणं बंद, आणि फेस तोटीच्या दोन्ही जोडांवर, नळीवर आणि रेग्युलेटर सिलिंडरवर बसतो त्या जागी. काडी पेटवून तपासणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

वास फक्त रेग्युलेटर चालू केल्यावर आणि सिलिंडर बदलल्यावरच येत असेल, तर बहुतेक वेळा ना नळी दोषी असते ना रेग्युलेटर. सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधलं रबरी वायसर कापलेलं किंवा गायब असतं. रेग्युलेटर उतरवून व्हॉल्व्हच्या तोंडात वरून फोटो घेतला तर काळी कडी दिसते किंवा दिसत नाही. ती दिसत नसेल तर सिलिंडरला झाकण लावा आणि एजन्सीच्या माणसाला बोलवा. स्वतः टाचणीने काही काढू-घालू नका. आणि रेग्युलेटर उतरवल्यावरही वास येत असेल तर व्हॉल्व्हची पिनच गळतेय. तिथे झाकण लावून सिलिंडर उघड्यावर नेणं आणि १९०६, एवढंच.

मावशींना नळी आणि रेग्युलेटर दोन्ही बदलायला सांगितलं. रेग्युलेटर दुकानातून विकत घेऊ नका, हे मुद्दाम सांगावं लागलं. कनेक्शन घेताना त्याची अनामत भरलेली असते, तो एजन्सीकडूनच बदलून घ्यायचा. जाताना जुना रेग्युलेटर आणि कनेक्शनचा कागद बरोबर न्यायचा. काउंटरवर "नळीपण द्या" म्हटलं की हातात येणाऱ्या नळीची तारीख तिथेच वाचायची, पुडकं फोडून, शेवटच्या तारखेचा शब्द दिसेपर्यंत. मावशींच्या मुलाने वाचली. पहिली परत केली, कारण तिच्या मुदतीची निम्मी वर्षं आधीच संपली होती. दुसरी घेतली.